1 जीबी रॅमचा टीव्ही: वसमतच्या घरातल्या नोंदी

13 एप्रिल 2025, रविवार

माझं नांदेडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अण्णा आणि माय वसमतला राहतात, तासाभराची एसटी आहे. 2021 च्या दिवाळीत घरी 32 इंची स्मार्ट टीव्ही घेतला होता, साडेतेरा हजाराला. खोक्यावर लिहिलेलं होतं: क्वाड कोअर, 1 जीबी रॅम, 8 जीबी स्टोरेज, अँड्रॉइड टीव्ही. पहिलं वर्षभर बरा चालला. आता अण्णा म्हणतात, "बटन दाबून मी हातपाय धुऊन येतो, तरी ह्याचं फिरणं चालूच असतंय."

गल्लीत आणखी तीन घरांत असेच टीव्ही आहेत आणि तक्रारही हीच आहे. म्हणून जे करीन ते लिहून ठेवतो.

आज काही दुरुस्त केलं नाही, फक्त मोजलं. "हळू चालतो" एवढ्यावर काम करता येत नाही, आधीचा आकडा नसला तर फरक पडला की वाटलं तेवढं, हेच कळत नाही. टीव्हीसमोर मोबाइल उभा करून व्हिडिओ काढला, त्यात रिमोटचं बटण दाबल्याचा आवाज येतो आणि पडदाही दिसतो. मग तो व्हिडिओ सावकाश पुढे सरकवत सेकंद मोजले. प्रत्येक गोष्ट तीन वेळा केली आणि मधला आकडा घेतला. यूट्यूब उघडायला 31 सेकंद. व्हिडिओ चालू असताना होमचं बटण दाबल्यावर होम पडदा यायला 9 सेकंद. सेटिंगच्या यादीत खालचा बाण भराभर पाच वेळा दाबला तर दोन सेकंद काहीच नाही आणि मग चौकट एकदम पाच ओळी खाली.

शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की नेट स्लो आहे, रिचार्ज बदला. म्हणून राउटर बंद करून तेच पुन्हा केलं. सेटिंगच्या यादीला नेट लागत नाही, तरी चौकट तशीच अडकून उडी मारत होती. नेट कमी पडतं तेव्हा व्हिडिओ मधेच थांबतो आणि गोल चक्र फिरतं, पण रिमोट दाबला की मेनू लगेच येतो. बटणं साठून एकदम लागू होत असतील तर दोष टीव्हीच्या आत आहे. एवढी एक चाचणी केली असती तर शेजारच्यांचे महागड्या प्लॅनचे पैसे वाचले असते.

13 एप्रिल, रात्री

आत काय आहे ते बघायला लॅपटॉप लागत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा ओके दाबलं, डेव्हलपर ऑप्शन उघडले, त्यातलं यूएसबी डिबगिंग चालू केलं. माझ्या मोबाइलवर टर्मक्स, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचं ॲप, होतंच. त्यातलं `adb` मोबाइलवरून टीव्हीला आज्ञा देतं. टीव्ही आणि मोबाइल एकाच वायफायवर हवेत. टीव्हीचा आयपी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दिसतो, आमचा शेवटी 7 होता.

```
pkg install android-tools
adb connect 192.168.1.7:5555
adb shell cat /proc/cpuinfo
adb shell cat /proc/meminfo
adb shell df -h /data
```

पहिल्यांदा जोडताना टीव्हीवर परवानगी विचारणारी चौकट येते. ती यायलाच एवढा वेळ लागला की मोबाइलवर जोडणी तुटली आणि दुसऱ्यांदा करावी लागली.

प्रोसेसरच्या ओळीत `CPU part : 0xd03` आलं, चार वेळा. म्हणजे कॉर्टेक्स-ए53 चे चार कोअर. हा कोअर 2012 साली जाहीर झालेला आहे. जुना आहे, पण मेनूतली चौकट हलवण्याइतका नक्कीच पुरेसा आहे. ह्याच कोअरचे मोबाइल माझ्या दुकानात आजही येतात आणि ते एवढे अडकत नाहीत.

मेमरीचा आकडा जास्त बोलका होता. `MemTotal` 787 एमबी. खोक्यावर 1 जीबी म्हणजे 1024 एमबी. उरलेले सव्वादोनशेच्या वर एमबी गेले कुठे? चोरीला गेलेले नाहीत. टीव्हीत व्हिडिओ उलगडणाऱ्या आणि चित्र सुधारणाऱ्या भागांना वेगळी मेमरी नसते. ते ह्याच चिपमधून आपला वाटा टीव्ही चालू होतानाच राखून ठेवतात आणि अँड्रॉइडला तो दिसतही नाही. म्हणून 1 जीबीचा टीव्ही आणि 1 जीबीचा मोबाइल सारखे नाहीत, टीव्हीकडे प्रत्यक्षात कमी उरते.

`MemAvailable`, म्हणजे ॲपना वापरायला उरलेली मेमरी, होती 115 एमबी, तीही होम पडद्यावर नुसता बसलेला असताना. स्टोरेजही भरलेलं होतं: वापरायला असलेल्या 4.4 जीबीपैकी 210 एमबी रिकामे. 8 जीबीतलं बाकीचं अँड्रॉइड स्वतः घेऊन बसतं.

20 एप्रिल, रविवार

आज मूळ कारण सापडलं असं वाटतं. यूट्यूब उघडत असतानाच, प्रोसेसर कोण किती वापरतंय ते बघायला मोबाइलवरून हे चालवलं:

```
adb shell top -n 1 -m 8
```

वरच्या ओळीत चार कोअरचे मिळून 400 टक्के असतात. त्यातले ॲपच्या खऱ्या कामाला, म्हणजे `user` ला, 50 टक्क्यांच्या आसपास. `iow` ला मात्र 200 च्या वर. आणि खाली यादीत सगळ्यात वर यूट्यूब नव्हतं, `kswapd0` होतं.

ह्याचा अर्थ असा. `iow` म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय, स्टोरेजकडून माल यायची वाट बघतोय. आणि `kswapd0` हा अँड्रॉइडच्या पोटातला मेमरी मोकळी करणारा गडी आहे. तो सगळ्यात वर दिसतो ह्याचा अर्थ रॅम संपलेली आहे आणि तो जागा करायला धावतोय.

मायच्या ओट्याचं उदाहरण देऊन मी अण्णांना सांगितलं. ओटा लहान असला की एक डबा ठेवायला दुसरा उचलून फडताळात टाकावा लागतो, आणि दोन मिनिटांनी तोच परत काढावा लागतो. स्वयंपाक करणारी बाई चपळ असली तरी तिचा वेळ डबे काढण्या-ठेवण्यात जातो. टीव्हीत ओटा म्हणजे रॅम आणि फडताळ म्हणजे ईएमएमसी, आतली स्टोरेज चिप. जागा कमी पडली की अँड्रॉइड ॲपच्या कोडचे तुकडे रॅममधून सोडून देतं, कारण ते स्टोरेजवर मूळ स्वरूपात असतातच. पण पुढच्याच क्षणी ते पुन्हा लागतात आणि पुन्हा वाचावे लागतात. ह्या स्वस्त चिपा अशा तुकड्या-तुकड्याच्या वाचनात मंद असतात.

होम बटणाचे 9 सेकंदही ह्यातच आले. यूट्यूब चालू झाल्यावर लॉगमध्ये ही ओळ शोधली:

```
adb logcat -b events | grep -E 'am_kill|am_proc_died'
```

एका मिनिटात होम पडद्याचंच ॲप, `com.google.android.tvlauncher`, मारलेलं दिसलं. म्हणजे होम दाबलं की टीव्ही होमवर परत जात नाही, होम पडदा नव्याने सुरू करतो. सगळी चित्रं, सगळ्या रांगा पुन्हा आणतो. सेकंद तिथे जातात.

तर क्रम असा लागला: मेमरी कमी हे मूळ दुखणं, स्टोरेज मंद आणि भरलेलं म्हणून ते जास्त जाणवतं, आणि प्रोसेसरचा नंबर तिसरा. लोक टीव्ही घेताना उलट्या क्रमाने विचारतात.

20 एप्रिल, दुपारनंतर

न लागणारी ॲप काढायला घेतली आणि इथे दोन चुका केल्या.

पहिली चूक. आधीपासून टीव्हीत असलेली ॲप रिमोटवरून काढता येत नाहीत, म्हणून ही आज्ञा वापरली:

```
adb shell pm uninstall --user 0 com.google.android.videos
```

चित्रपट विकत घ्यायचं, खेळांचं, गाण्यांचं, अशी पाच ॲप उडवली. प्रत्येक वेळी `Success` आलं. मग `df` बघितलं तर रिकामी जागा 210 ची फक्त 260 एमबी झालेली. दीड तास गेला तेव्हा कळलं. अशा ॲपची मूळ प्रत सिस्टीमच्या भागात असते, ती आपल्याला हलवता येत नाही. चार वर्षांत आलेला अपडेट म्हणजे दुसरी, मोठी प्रत, जी आपल्या 4.4 जीबीत पडते. `--user 0` लावल्यावर ॲप फक्त ह्या वापरकर्त्यापुरतं लपतं, ती दुसरी प्रत जागा अडवून तशीच राहते.

मग उलटं करावं लागलं. `adb shell cmd package install-existing` आणि पुढे ॲपचं नाव टाकून पाचही परत आणली. सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत जाऊन प्रत्येकाचे अपडेट काढून टाकले आणि त्यानंतर पुन्हा `--user 0`. आता सहाशेवर एमबी मोकळे झाले. पुतण्याने टाकलेले दोन खेळ आणि इतर ॲपच्या कॅश काढल्यावर रिकामी जागा 1.5 जीबीपर्यंत आली. ज्यांना हे करायचंय त्यांनी क्रम लक्षात ठेवावा: आधी अपडेट काढा, मग ॲप लपवा.

दुसरी चूक मायमुळे कळली. मेमरीच्या यादीत `com.google.android.katniss` बरीच जागा धरून दिसलं. आवाजाने शोधण्याचं ॲप आहे ते. मला वाटलं, घरात कोण वापरतं, बंद केलं. संध्याकाळी माय रिमोट घेऊन आली. "लेकरा, माझं ते बोलायचं बटन कामून बंद केलंस?" ती रिमोटवर एकेक अक्षर शोधत टाइप करू शकत नाही. ती बटण दाबून कीर्तनकाराचं नाव बोलते आणि कीर्तन लागतं. टीव्हीचा तिच्यासाठी तेवढाच दरवाजा आहे आणि तोच मी बंद केला होता. लगेच चालू केलं:

```
adb shell pm enable com.google.android.katniss
```

यादी बघून ॲप उडवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा की तू टीव्हीवर काय काय करतोस. मी विचारलं नव्हतं.

मोजमाप: यूट्यूब 31 वरून 22 सेकंद. होम 9 वरून 6. जागा मोकळी झाल्याचा फायदा मला वाटलं त्यापेक्षा जास्त झाला. भरलेल्या चिपला नवं लिहायला आधी जुनं इकडून तिकडे हलवून एक अख्खा गठ्ठा पुसावा लागतो, ते आता कमी झालं असावं. मोबाइलमध्ये हे मी रोजच बघतो.

27 एप्रिल, रविवार

आजचा दिवस वाया गेला आणि 380 रुपये पण.

स्टोरेज कमी आहे तर वाढवू म्हणून नवा 32 जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आलो. टीव्हीत लावला आणि 'डिव्हाइस स्टोरेज' म्हणून फॉरमॅट केला, म्हणजे टीव्ही त्याला स्वतःचाच भाग समजतो आणि ॲप तिकडे हलवता येतात. हलवायला चाळीस मिनिटं लागली. रिकामी जागा भरपूर दिसायला लागली आणि मला समाधान वाटलं.

मग मोजलं. पेनड्राइव्हवर गेलेलं बातम्यांचं ॲप आधी 14 सेकंदांत उघडत होतं, आता 26. कारण सरळ आहे. पेनड्राइव्ह एक मोठी फाइल सलग वाचायला बनलेला असतो. ॲप उघडताना हजारो छोटे तुकडे इकडचे तिकडचे लागतात, आणि त्यात तो आतल्या ईएमएमसीपेक्षाही मंद आहे. वरून आमच्या टीव्हीचा पोर्ट यूएसबी 2.0 आहे. आधीच फडताळ लांब होतं, मी ते दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं.

दुपारी लाईट गेली आणि आल्यावर तर ॲपच्या जागी करड्या चौकटी दिसायला लागल्या. टीव्ही सुरू होताना पेनड्राइव्ह उशिरा ओळखला गेला होता. संध्याकाळी सगळं परत आत आणलं आणि पेनड्राइव्ह काढला. तो आता लग्नाचे व्हिडिओ बघायला ठेवलाय, त्या कामाला तो चांगला आहे.

4 मे, रविवार

मागच्या आठवड्यात फोनवर अण्णा म्हणाले की दुपारी ठीक चालतो, पण संध्याकाळी सातला लावला की पहिली पाच-दहा मिनिटं हालतच नाही. मी असताना हे कधी दिसलं नव्हतं. म्हणून शनिवारीच मुक्कामाला येऊन आज दिवसभर नुसतं बसून बघितलं आणि कारण भिंतीवर सापडलं.

अण्णा टीव्ही रिमोटने बंद करत नाहीत. भिंतीवरचं बटण बंद करतात. त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, व्होल्टेज वरखाली होतं, मे महिन्यात वळवाच्या विजा होतात. गल्लीत एकाचा टीव्ही असाच जळलेला आहे. पण भिंतीवरून बंद केलं की टीव्ही प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू होतो. मोजलं: बटण चालू केल्यापासून होम पडदा यायला 71 सेकंद. रिमोटने बंद करून रिमोटनेच चालू केला तर 3 सेकंद, कारण स्टँडबायमध्ये रॅममधलं सगळं जागेवर असतं.

आणि 71 सेकंदांनंतरही काम संपत नाही. दिवसभर बंद असलेला टीव्ही नेट मिळाल्याबरोबर साठलेले अपडेट घ्यायला लागतो. सातला चालू करून दोन मिनिटांनी `top` लावलं तर `dex2oat` नावाची प्रक्रिया तीन कोअर धरून बसलेली होती. ॲपचा अपडेट आला की त्याचा कोड ह्या प्रोसेसरसाठी पुन्हा तयार करावा लागतो, ते काम ती करते. चालू टीव्हीला हे काम रात्री कुणी बघत नसताना करता येतं. आमच्या टीव्हीला रात्रच मिळत नव्हती, म्हणून तो ते काम अण्णांच्या बातम्यांच्या वेळी करत होता. प्रोसेसर जुना असल्याचा खरा फटका इथे बसतो, आणि एवढ्या सगळ्या नोंदींत इथेच.

दोन गोष्टी केल्या. प्ले स्टोअरच्या सेटिंगमधून आपोआप अपडेट बंद केले. मी महिन्यातून एकदा येऊन हवे तेवढे हाताने करीन. आणि 450 रुपयांचा स्पाइक गार्ड लावून अण्णांना विनंती केली की रिमोटनेच बंद करा, फक्त वीज कडकडत असेल तर प्लगच काढा. विजेपुढे स्पाइक गार्डवर विसंबू नये. त्यांनी लगेच विचारलं की मग बिल किती येईल. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर स्टँडबाय 0.5 वॅट लिहिलंय. महिनाभर चोवीस तास धरलं तरी 0.36 युनिट होतं. कागदावर हिशोब करून दाखवला तेव्हा पटलं.

11 मे, रविवार

आठवडाभर अण्णांनी रिमोटनेच बंद केला. मोजमाप: यूट्यूब 17 सेकंद, होम 3 ते 4 सेकंद. सेटिंगमधली चौकट आता बोटाबरोबर हलते.

पण हे सकाळचे आकडे आहेत. दोन तास कीर्तन, मग बातम्या, मग पुतण्याची कार्टून झाल्यावर पुन्हा मोजलं तर होम 7 सेकंद. `MemAvailable` पुन्हा शंभरच्या आसपास, `kswapd0` पुन्हा वर. टीव्ही रीस्टार्ट केला की परत सकाळसारखा. म्हणजे फालतू ओझं काढून झालं, आता जे उरलं ते 787 एमबीचंच बंधन आहे.

डेव्हलपर ऑप्शनमधली पार्श्वभूमीच्या ॲपवर मर्यादा घालायची सोय पण करून बघितली. तिने उलट वाईट झालं, कारण प्रत्येक ॲप प्रत्येक वेळी नव्याने सुरू व्हायला लागलं. रीस्टार्टनंतर ती मर्यादा आपोआप जाते, ते बरंच झालं.

रॅम वाढवता येत नाही, चिप बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. नांदेडला ओळखीच्या टीव्हीवाल्याकडे युनिव्हर्सल बोर्ड विचारला. तो तीन हजारापर्यंत म्हणाला. मी बोर्डावरचं लेबल बघायला मागितलं तर त्यावरही 1 जीबी आणि 8 जीबीच. नको म्हटलं.

25 मे, रविवार

पॅनल चांगला आहे, चित्र स्वच्छ येतं, आवाजही ठीक. मग नुसता मेंदू बाहेरून लावायचं ठरवलं. एचडीएमआयला लावायची 2 जीबी रॅमची छोटी पेटी घेतली, 3,200 रुपये. दुकानात आधी जी स्टिक दाखवली ती हजार रुपयांनी स्वस्त होती, पण तिच्यातही रॅम 1 जीबी. ती घेतली असती तर तेच दुखणं दुसऱ्या भोकातून घरात आणलं असतं. स्टिक किंवा पेटी घेताना रॅमचा आकडा खोक्यावर ठळक नसेल तर बारीक अक्षरात शोधा, नाहीच सापडला तर घेऊ नका.

लावताना एक चूक केली. पेटीबरोबर ॲडॅप्टर होता, पण प्लग मोकळा नव्हता म्हणून टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधूनच वीज दिली. लागली, चालली, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागली. मी पेटी खराब समजून परत करायला निघालो होतो. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअरच्या हिशोबाने असतो, वायफाय आणि व्हिडिओ एकदम चालले की पेटीला त्याहून जास्त लागतं. स्पाइक गार्डवर तिचा स्वतःचा ॲडॅप्टर लावला, त्यानंतर एकदाही बंद पडली नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू होताना थेट एचडीएमआयवर जायची सोय होती, ती केली. सीईसी चालू केलं, म्हणजे पेटीच्या रिमोटनेच टीव्हीही चालू-बंद होतो. आणि टीव्हीला घरचं वायफाय विसरायला लावलं. हे करायला विसरू नका, नाहीतर आतलं अँड्रॉइड मागे अपडेट ओढत राहतं आणि आवाज कमी-जास्त करायची पट्टीसुद्धा अडकते.

माय आधी नवा रिमोट घ्यायला तयार नव्हती. बोलायचं बटण कुठं आहे ते दाखवलं, तिने तिच्या कीर्तनकाराचं नाव घेतलं, 5 सेकंदांत कीर्तन लागलं. जुना रिमोट तिने स्वतःच कपाटात ठेवला.

मोजमाप: यूट्यूब 6 सेकंद, होम 1 सेकंदाच्या आत. दोन तासांनी पुन्हा मोजलं, तेवढंच.

एकूण खर्च 4,030 रुपये, त्यातले 380 पेनड्राइव्हचे वाया. एसटीचं भाडं वेगळं. सहा रविवार. मार्चमध्येच मला कुणी सांगितलं असतं तर मी अपडेट काढणं, जागा मोकळी करणं आणि भिंतीवरचं बटण ह्या तीन गोष्टी एका दुपारी करून मोकळा झालो असतो, आणि मग पेटी लागते का ते ठरवलं असतं. शेजारच्या काकूंकडे तेवढ्या तीनच केल्या. त्या दिवसातून तासभर मालिका बघतात, त्यांना पेटीची गरज पडली नाही.

8 जून, रविवार

परभणीच्या मामांना नवा 43 इंची घ्यायचा होता, मी बरोबर गेलो. विक्रेता चित्राबद्दल, स्पीकरच्या वॅटबद्दल बोलत होता. रॅम विचारली तर एका मॉडेलला "दीड जीबी" म्हणाला आणि दुसऱ्याला "भरपूर आहे" म्हणाला.

दुकानात `adb` लावता येत नाही, म्हणून रिमोटने एवढं केलं. दुकानाच्या वायफायवर यूट्यूब उघडून एक व्हिडिओ लावला, दहा सेकंद चालू दिला. होम दाबलं. दुसरं एक व्हिडिओचं ॲप उघडलं, त्यात थोडं खालीवर फिरलो. मग होम आणि पुन्हा यूट्यूब. परत गेल्यावर व्हिडिओ सोडला होता तिथेच दिसला तर यूट्यूब मेमरीत टिकलं होतं. सुरुवातीचा लोगो पुन्हा आला तर ते मधल्या वेळात मारलं गेलं होतं, म्हणजे रॅम दोन ॲपनाही पुरत नाही. दुकानातला टीव्ही कोरा असतो, त्यावर चार वर्षांचे अपडेट नसतात. तिथेच लोगो परत आला तर घरी काय होईल ते सांगायला नको.

पहिल्या मॉडेलवर लोगो आला. दुसऱ्यावरही आला. तिसऱ्यावर, जो अठराशे रुपयांनी महाग होता, व्हिडिओ जिथे सोडला तिथूनच पुढे चालू झाला. त्याच्या खोक्यावर 2 जीबी आणि 16 जीबी लिहिलेलं होतं. विक्रेत्याने पहिल्या मॉडेलवर साउंडबार फुकट देतो म्हणून बघितलं, पण मामांनी लोगो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तिसरा घेतला. गाडीत चढवताना मी मामांना स्पाइक गार्डची पण आठवण केली, तर म्हणाले, "तेवढं कळतंय मला, पण ते रिमोटनं बंद करायचं तुझ्या मामीला तूच सांग."